सारांश लिहिणाऱ्याचा अधिकार किती?

२ फेब्रुवारी २०२४ला राज्याच्या वित्त विभागाचा एक शासन निर्णय निघाला. काही तासांतच वाशिम, रिसोड, कारंजा, मानोऱ्यापर्यंतच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा एका ओळीचा सारांश फिरू लागला: ‘जुनी पेन्शन लागू!’ मार्च २०२३मध्ये याच मागणीसाठी राज्यभर संप झाला होता, त्यामुळे ती ओळ वाचून लोकांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. पण त्या ओळीत कुणाला, कोणत्या अटीवर आणि कधीपर्यंत, यातलं काहीच नव्हतं.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका कार्यालयात आस्थापनेचं काम बघतो. जीआर आला की त्याचं ‘थोडक्यात’ करून सगळ्यांना पाठवणं, हे माझ्याकडे आपोआप आलेलं काम. हे काम कारकुनी समजलं जातं. मला मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. शंभरातले बहुतेक लोक मूळ कागद उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी माझ्या चार ओळी म्हणजेच शासन निर्णय. मग त्या चार ओळींत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि तो कुठे संपतो?

त्या जीआरचंच उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना नवी अंशदान योजना लागू आहे. पण भरतीला वेळ लागतो. जाहिरात आधी निघते, परीक्षा, निवड यादी, नियुक्ती नंतर. त्यामुळे अनेकांची जाहिरात त्या तारखेच्या आधीची होती आणि रुजू होणं नंतरचं. अशांना जुन्या योजनेत, म्हणजे १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांत जाण्याचा पर्याय एकदाच दिला गेला. तो जीआरच्या दिनांकापासून सहा महिन्यांत द्यायचा. जो देणार नाही, तो नव्या योजनेतच राहील. दिलेला पर्याय अंतिम.

आता समजा, एकाची जाहिरात जुलै २००५ची आहे आणि तो रुजू झाला मार्च २००७मध्ये. त्याच्यापर्यंत ‘२००५च्या आधीच्यांना जुनी पेन्शन’ एवढंच पोचलं, तर तो म्हणेल, ‘मी तर २००७चा, आपलं काही नाही.’ मोबाईल खिशात टाकेल आणि सहा महिने निघून जातील. सारांशात खोटं काहीच नव्हतं. फक्त ‘जाहिरात’ हा एक शब्द गळाला, आणि त्याच्या म्हातारपणाचा हिशोब बदलला. उलट, डिसेंबर २००५ची जाहिरात असलेला ‘जुनी पेन्शन लागू’ वाचून पेढे वाटेल. पहिल्याचा हक्क जातो, दुसऱ्याला खोटी आशा मिळते.

म्हणून माझा पहिला नियम असा की सारांश प्रस्तावना गाळून लहान करायचा, अट गाळून नाही. संदर्भांची यादी आणि ‘शासनाच्या विचाराधीन होते’ हे सगळं खुशाल जाऊ दे. ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचा प्रत्येक ‘जर’ मात्र राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट सरकारी मराठीची. ‘पर्याय सादर करण्यात यावा’, ‘खाते उघडण्यात यावे’, ‘रक्कम वळती करण्यात यावी’. या वाक्यांत कर्ताच नाही. कुणी सादर करायचा? कुणी उघडायचं? वाचणाऱ्याला वाटतं, कार्यालय करेलच. सारांश लिहिताना मी प्रत्येक वाक्यापुढे माणूस लिहितो. पर्याय तुम्ही लेखी द्यायचा, जाहिरातीच्या पुराव्यासह. पात्र आहात की नाही ते नियुक्ती प्राधिकारी तपासणार आणि आदेश काढणार. भविष्य निर्वाह निधीचं खातं त्यानंतर उघडणार. एवढं केलं की कळतं, सगळी साखळी पहिल्या पावलावर अडलेली आहे आणि ते पाऊल कर्मचाऱ्याचं आहे.

तिसरी गोष्ट तारखेची. केंद्र सरकारने अशाच कर्मचाऱ्यांसाठी ३ मार्च २०२३ला आदेश काढला, तेव्हा शेवटची तारीख सरळ लिहिली: ३१ ऑगस्ट २०२३. राज्याच्या जीआरमध्ये तारीख नाही, मुदत आहे. सहा महिने म्हणजे १८० दिवस असं कुणी बोटांवर मोजलं, तर उत्तर येतं ३१ जुलै २०२४. पण कायद्याच्या रूढ भाषेत महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, आणि ‘दिनांकापासून’ म्हटलं की तो पहिला दिवस धरत नाहीत. म्हणून उत्तर येतं २ ऑगस्ट.

दोन दिवसांचा तर फरक! ‘सुरक्षित’ म्हणून ३१ जुलै लिहिलं तर काय बिघडलं? काही सहकारी तर म्हणतात, सरळ १५ जुलै सांगा, लोक धावपळ करतील. हेतू चांगला आहे, तरी मला ते पटत नाही. १ ऑगस्टला धापा टाकत आलेल्या माणसाला ती लवकरची तारीख दाखवून कुणी परत पाठवलं, तर त्याचा हक्क सरकारने नाही, सारांशाने काढून घेतला. आणि एकदा कळलं की आपली तारीख खोटी असते, की पुढच्या वेळी खऱ्या तारखेलाही कुणी भीक घालणार नाही. म्हणून मी दोन ओळी वेगळ्या लिहितो. ‘शेवटचा दिवस: २ ऑगस्ट. माझा सल्ला: १५ जुलैपर्यंत द्या, कारण जुनी जाहिरात शोधायला आणि सही व्हायला वेळ लागतो.’ आदेश कुठला आणि सल्ला कुठला, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

उरतो सगळ्यात अवघड भाग: ज्यांच्याबद्दल कागद सरळ बोलत नाही ते. अनुकंपावर लागलेल्या माणसाची जाहिरातच नसते. त्याला मी माझ्या मनाने ‘तुम्ही नाही’ लिहिलं, तर तो अर्जच करणार नाही आणि नकाराविरुद्ध दादही मागणार नाही. कारण नकार कुणी दिलाच नसेल, माझ्या एका ओळीशिवाय. तिथे मी एवढंच लिहीन: ‘ज्यांच्या नियुक्तीला जाहिरात नाही, त्यांनी मुदतीच्या आत लेखी विचारावं आणि पोच घ्यावी.’

शेवटी मी पाठवायचा तो मजकूर असा झाला:

‘तुमच्या भरतीची जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५च्या आधीची आणि रुजू होणं त्या दिवशी किंवा नंतर, असं असेल तरच हे वाचा. रुजू तारीख नाही, जाहिरातीची तारीख बघा. जुनी योजना हवी असेल तर लेखी पर्याय द्या. शेवटचा दिवस २ ऑगस्ट २०२४. काहीच दिलं नाही तर नवीच योजना राहील. दिलेला पर्याय बदलता येणार नाही. मूळ जीआर सोबत आहे.’

यातलं ‘काहीच दिलं नाही तर’ हे वाक्य फॉरवर्डमध्ये सहसा नसतं. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण अशा जीआरमध्ये गप्प बसणं हेसुद्धा उत्तर धरलं जातं. गप्प बसायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण आपण गप्प बसून काय निवडतोय, हे त्याला माहीत हवं. कोणती योजना बरी, हे सांगणं माझं काम नाही. त्याच्या निर्णयाचा दिवस त्याच्या नकळत निघून जाऊ नये, इतकाच माझा अधिकार, आणि तेवढीच जबाबदारी.