चाळीस सूंचं नाणं

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ मी पहिल्यांदा वाचली ती शाळेत असताना, दीडेकशे पानांच्या संक्षिप्त आवृत्तीत. गोष्ट पक्की लक्षात राहिली. पाव चोरल्याबद्दल आणि मग पळून जाण्याचे प्रयत्न केल्याबद्दल 19 वर्षं सक्तमजुरी भोगून जाँ व्हालजाँ सुटतो. कुणी दारात उभं करत नाही. एक म्हातारा बिशप त्याला जेवू घालतो, झोपायला जागा देतो. व्हालजाँ रात्री त्याचीच चांदी चोरून पळतो. पोलीस पकडून आणतात, तेव्हा बिशप म्हणतो की ती मीच दिली होती, आणि वर चांदीची दोन मेणबत्तीदानंही हातात ठेवतो. पुढच्या प्रकरणात व्हालजाँ सज्जन कारखानदार झालेला असतो.

पुष्कळ वर्षांनी मोबाइलवर पूर्ण कादंबरी वाचायला घेतली. पाच भाग, 365 प्रकरणं. आणि त्या दोन प्रकरणांच्या मध्ये एक मुलगा उभा होता. त्याच्याबद्दल मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याचं नाव पेती-जेर्वे. वय साधारण दहा. सावोय प्रांतातून पोटासाठी गावोगाव हिंडणारी जी गरीब पोरं असत, त्यांतला एक. बिशपने चांदी दिली त्याच दिवशी, सूर्य मावळताना, व्हालजाँ एका उजाड माळावर बसलेला असतो. मुलगा नाणी उडवत, झेलत, गाणं म्हणत येतो. एक नाणं निसटून घरंगळत जातं. चाळीस सूंचं, म्हणजे दोन फ्रँकचं. हातातली ती नाणी म्हणजे बहुधा त्याची सगळी पुंजी. व्हालजाँ त्यावर पाय ठेवतो. मुलगा विनवतो, रडतो, त्याचा बूट ढकलून बघतो. व्हालजाँ काठी उचलून ओरडतो. मुलगा घाबरून पळून जातो.

म्हणजे बिशपच्या चांगुलपणानंतर व्हालजाँने पहिलं काम केलं ते एका लहान पोराला लुबाडण्याचं. आणि तेही गरज नसताना, कारण पिशवीत बिशपची चांदी होती. जेवणाच्या चांदीचीच किंमत 200 फ्रँकच्या वर होती. 19 वर्षांच्या मजुरीचे त्याच्या हातात पडले होते 109 फ्रँक 15 सू.

थोड्या वेळाने ते नाणं त्याला मातीत चमकताना दिसतं आणि तो भानावर येतो. हाका मारत माळभर धावतो. वाटेत भेटलेल्या एका घोडेस्वार धर्मगुरूला गरिबांसाठी पैसे देतो आणि म्हणतो, मला अटक करा, मी चोर आहे. धर्मगुरू घाबरून घोडा दामटतो. मुलगा सापडत नाही. पुढे अख्ख्या कादंबरीत तो कधीच परत येत नाही. मग व्हालजाँ 19 वर्षांत पहिल्यांदा रडतो.

हा प्रसंग काढला तर कथानक अडत नाही. म्हणूनच संक्षेप करणाऱ्याची कात्री तिथे सहज चालते. पण अर्थ काय उरतो? माझ्या शाळेतल्या आवृत्तीचं तात्पर्य असं होतं: एका माणसाने चांगुलपणा दाखवला आणि दुसरा बदलला. पूर्ण कादंबरी असं म्हणत नाही. तिथे चांगुलपणा मिळाल्यावर माणूस आधी आणखी खाली जातो. पाव चोरला त्यामागे बहिणीच्या मुलांची भूक होती. दोष समाजावर टाकता येत होता. चांदी चोरली तिची माफी मिळाली. नाण्याच्या बाबतीत मात्र ना सबब आहे, ना माफ करणारा, कारण तो पोर निघून गेला आहे. तोवर व्हालजाँ अन्याय झालेला माणूस होता. इथे पहिल्यांदा तो अन्याय करणारा म्हणून स्वतःकडे बघतो. बदल सुरू होतो तो इथून.

आणि नाणं तिथेच संपत नाही. ‘मादलेन’ या खोट्या नावाने महापौर झालेला व्हालजाँ गावातून जाणाऱ्या प्रत्येक सावोयच्या पोराला बोलावून नाव विचारतो आणि पैसे देतो. आठ वर्षांनी, 1823 मध्ये, शाँमात्यू नावाच्या भलत्याच माणसाला व्हालजाँ समजून खटला भरला जातो. त्याच्यावरच्या आरोपांत हमरस्त्यावर पेती-जेर्वेला लुटल्याचाही आरोप असतो. खटल्याच्या आदल्या रात्री व्हालजाँ जुने कपडे आणि पिशवी जाळतो, तेव्हा राखेत एक गोष्ट चमकते. तेच नाणं. ते त्याने इतकी वर्षं जपून ठेवलेलं असतं, मेणबत्तीदानांसारखंच.

पाठलाग करणारा इन्स्पेक्टर झावेरही त्यामुळे वेगळा दिसू लागतो. संक्षिप्त आवृत्तीत तो एका पावासाठी जन्मभर माणसामागे लागलेला वेडा वाटतो. पूर्ण कादंबरीत त्याच्या बाजूला कायदा आहे आणि एका मुलाचे खरोखर लुटलेले पैसेही आहेत. आपण व्हालजाँच्या बाजूने उभे राहतो, पण तितक्या आरामात नाही. संक्षिप्त आवृत्तीने दोन मेणबत्तीदानं ठेवली आणि नाणं वगळलं. ऋण ठेवलं, अपराध काढला.

बिशपचंही असंच होतं. पूर्ण कादंबरीचं पहिलं पुस्तक, चौदा प्रकरणं, फक्त त्याचं आहे. व्हालजाँ त्यानंतर येतो. वार्षिक 15,000 फ्रँकच्या पगारातले हजार स्वतःसाठी ठेवून बाकीचे हा माणूस वाटून टाकतो. स्वतःचा वाडा इस्पितळाला देतो. पण एक गोष्ट त्याला सोडवत नाही: चांदीच्या काट्या-चमच्यांनी जेवणं. तसं तो स्वतःच कबूल करतो. चोरी झाल्यावर घरकाम पाहणाऱ्या मादाम माग्लुआरला तो सांगतो की ती चांदी गरिबांची होती, मीच ती उगाच इतके दिवस ठेवली. हे माहीत असेल तर त्या सकाळी दोन माणसं सुटताना दिसतात. माहीत नसेल तर बिशप म्हणजे चमत्कार करून जाणारा एक देवमाणूस.

संक्षिप्त आवृत्त्या नकोतच, असं मला म्हणायचं नाही. त्या दीडशे पानांशिवाय मी पूर्ण कादंबरीकडे वळलोच नसतो. वॉटर्लूच्या लढाईवरची एकोणीस प्रकरणं वाचताना माझंही बोट भराभर सरकलं. नॉर्मन डेनी यांनी 1976 च्या इंग्रजी अनुवादात दोन लांबलचक विषयांतरं उचलून परिशिष्टात टाकली, पण तसं सांगून. वाचकाला ठाऊक असतं की काहीतरी हलवलंय आणि ते कुठे ठेवलंय. माझा आक्षेप न सांगता कापण्याला आहे. जे पानच नाही त्याची उणीव वाचकाला भासणार कशी? तो समाधानाने पुस्तक मिटतो, आणि माणसं एका रात्रीत बदलतात, असं मनात घेऊन उठतो. मग स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला बदलताना मधेच पाय घसरला, की त्याला वाटतं सगळं खोटंच होतं.

तुमच्या फोनमध्ये ही कादंबरी असेल तर तपासणं सोपं आहे. पहिलं पान बिशपपासून सुरू होतं की व्हालजाँपासून, ते बघा. मग शोधाच्या चौकटीत Gervais टाइप करा. एकही जागा सापडली नाही, तर त्या माळावर काय झालं ते तुम्हाला अजून कळायचं आहे.