गाडीनं मारलं म्हणजे कुणी मारलं?



२०२४ च्या फेब्रुवारीत नागपुरात रामझुल्यावर एका महागड्या मोटारीनं दुचाकीवरच्या दोन तरुणांना उडवलं. दोघंही गेले. आमच्या प्रतापनगरच्या टपरीवर तेव्हा एकच शब्द चालला होता : खून. पोलिसांनी मात्र आधी जामीन मिळेल असं कलम लावलं, आणि पुढं ओरड झाल्यावर ते बदलून सदोष मनुष्यवधाचं लावलं. प्रेतं तीच होती, पूल तोच, गाडी तीच. मग बदललं काय?

मी वकील नाही. सूतगिरणीत पाळी करतो, आणि सुट्टीच्या दिवशी कायद्याची पुस्तकं वाचतो, कारण बाबासाहेबांच्या पोरानं कायदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये असं मला वाटतं. हा प्रश्न समजायला रामझुल्यापेक्षा एक जुना खटला बरा. तो शेवटपर्यंत लढला गेला, आणि तिन्ही कोर्टांनी त्याच रात्रीकडं पाहिलं. मुंबई, वांद्रे, कार्टर रोड. १२ नोव्हेंबर २००६, पहाटे चारच्या सुमारास. रस्त्याचं काम चालू होतं. कामावरच्या मजुरांसाठी फुटपाथवरच झोपड्या उभ्या केल्या होत्या आणि माणसं झोपड्यांपुढं झोपली होती. एक टोयोटा कोरोला भरधाव आली आणि फुटपाथवर चढली. सात मेले, आठ जखमी झाले. गाडी चालवणारा विशीतला पोरगा. त्याच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम दारू निघाली. कायदा ३० पर्यंत चालवून घेतो.

कायद्याच्या पुस्तकात हा खटला अॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं आहे. आरोप ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली ठेवला होता. सेशन कोर्टानं १३ एप्रिल २००७ ला तो नाकारला आणि ३०४-अ खाली सहा महिने कैद व पाच लाख दंड दिला. मी गिरणीतला माणूस, हिशोब लगेच होतो : एका माणसामागं सव्वीस दिवस. आमच्याकडं न सांगता खाडा केला तर सव्वीस दिवसांपेक्षा जास्त बोंब होते. पण हा हिशोब चुकीच्या तराजूवरचा आहे, ते पुढं सांगतो.

३०४-अ म्हणजे बेदरकारपणे किंवा हयगयीने मरण घडवणं. जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि जामीन हक्काचा. मूळ दंडसंहिता १८६० ची. हे कलम १८७० साली तिच्यात घुसवलं. तेव्हा मोटार नावाची चीज जगात नव्हती. नव्या भारतीय न्याय संहितेत ते १०६ झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली, जामीन मात्र तसाच. ३०४ चा दुसरा भाग, म्हणजे आताचं १०५, वेगळं बोलतो : मारायचा हेतू नव्हता, पण या कृत्यानं मरण येण्याचा संभव आहे हे ठाऊक होतं. त्याला दहा वर्षांपर्यंत, आणि जामीन कोर्टाच्या मर्जीवर. त्याच्या वर खून.

म्हणजे पायऱ्या तीन. मारायचंच होतं, मरेल हे ठाऊक होतं, ठाऊक असायला पाहिजे होतं, पण लक्ष दिलं नाही. प्रेताकडं बघून यातली एकही पायरी कळत नाही. कायदा प्रेत मोजत नाही, मारणाऱ्याचं डोकं मोजतो. म्हणून माझा सव्वीस दिवसांचा हिशोब लंगडा. एकाच खोडसाळ घोटानं सात मेले काय नि एक मेला काय, डोक्यात जे होतं ते तेवढंच.

हायकोर्टानं स्वतःहून या शिक्षेची दखल घेतली आणि ६ सप्टेंबर २००७ ला निकाल फिरवला : ३०४ चा दुसरा भाग, तीन वर्षं सक्तमजुरी. आरोपी सुप्रीम कोर्टात गेला. १२ जानेवारी २०१२ ला तिथंही तो हरला. कोर्टाचं म्हणणं साध्या भाषेत असं : दारू पिऊन, राहत्या वस्तीतल्या रस्त्यानं, अशा वेगानं गाडी नेणाऱ्या शहाण्या माणसाला मरण घडू शकतं हे ठाऊक असतंच, मग ठाऊक होतं असं त्याच्या नावावर धरता येतं. तीन वर्षं कमी पडतात असंही कोर्ट बोललं. पण सरकारनं शिक्षा वाढवण्यासाठी अपील केलं नव्हतं, म्हणून हात बांधलेले.

इथं माझा मित्र भांडतो. तो म्हणतो, अरे, झोपेत दुपट्यावर गाडी चढवली, मग खून का नाही? खुनाच्या व्याख्येत एक चौथा प्रकारही आहे खरा. हेतू नसला तरी कृत्य इतकं भयंकर असेल की मरण जवळपास अटळ, आणि करणाऱ्याला ते माहीत असेल, वर कुठलंही कारण नसेल, तर तो खूनच. गर्दीत बंदूक झाडणारा यात येतो. दारू पिऊन रात्री निघालेला यात येतो का? बहुतेक वेळा तो घरी पोचतो. आणि पोचतो म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा पितो. मरण अटळ नव्हतं, संभवनीय होतं. या फरकावर मी कायद्याच्या बाजूनं आहे, आणि मित्रांना ते आवडणार नाही. खून हा शब्द रागानं वाटत सुटलो तर खैरलांजीला काय म्हणायचं?

पण एक गोष्ट टोचते. खून करणारा निदान मेलेल्याला मोजतो. त्याचा राग असतो, भीती असते. कार्टर रोडवरच्या मजुरांचा कुणाला रागही नव्हता. ते हिशोबातच नव्हते. ठाऊक नव्हतं असं जेव्हा कुणी म्हणतो तेव्हा मी विचारतो, का ठाऊक नव्हतं? मुंबईच्या फुटपाथवर माणसं झोपतात हे ठाऊक नसणं सोपं काम नाही. त्यासाठी रोज मान फिरवावी लागते. असलं अज्ञान मेहनतीनं कमावलेलं असतं, आणि कमावलेल्या अज्ञानाला हयगय म्हणून दोन वर्षांत सोडणं मला पटत नाही. भोपाळला हेच झालं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं कारखान्याच्या बड्या लोकांवरचं ३०४ चं कलम उतरवून ३०४-अ वर आणलं, आणि १९८४ च्या गॅसची शिक्षा २०१० साली निघाली ती दोन वर्षं. वर बसलेल्याला ठाऊक नसतं, खाली मरणाऱ्याला ठाऊक असून उपयोग नसतो.

हे नवं नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जे पुस्तक जाळलं त्याच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातावर श्लोक आहेत. वेसण तुटली, जू मोडलं, चाक गेलं, तर दंड नाही. आणि सारथ्यानं "बाजूला व्हा" असं मोठ्यानं ओरडलं असेल, तरी दंड नाही. हे वाचून मी थबकलो. ओरडलं की सुटला! जो हटला नाही त्याचीच चूक. आजचा हॉर्न त्याच श्लोकातून निघालाय असं वाटतं. झोपलेल्या माणसाला ओरडणं ऐकू येत नाही, आणि त्याचं झोपणंच गुन्हा ठरतं. "फुटपाथ काय झोपायची जागा आहे?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते बोलणाऱ्याला विचारा, कंत्राटदारानं दुसरी कुठली जागा दिली होती?

आता पळून जाण्याचं. रक्तातली दारू दर तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमनं उतरते. कार्टर रोडवर ११२ निघाली ती रक्त घेतलं गेलं म्हणून. तोच माणूस पळाला असता, पाच-सहा तासांनी वकिलासोबत हजर झाला असता, तर आकडा कायद्याच्या हद्दीच्या आसपास आला असता. मग "ठाऊक होतं" हे कशावरून धरायचं? बघा राजेहो : थांबला तर दहा वर्षांचं कलम, पळाला तर दोन. पळणं हे दुसरं पाप असताना कायद्यात ते बक्षीस होऊन बसलं. हे उलटं करायला नव्या संहितेत १०६ (२) घातलं : न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला, आणि १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं.

ट्रकवाल्यांवर दात खाऊ नका. थांबला तर जमाव जीव घेईल या भीतीनं पळणारा, चौदा-सोळा तास स्टिअरिंगवर बसवलेला पगारी माणूस, आणि पार्टीतून निघालेला मालकाचा पोरगा, या दोघांचं पळणं एक नाही. पहिल्याला झोपेनं मारलं तेव्हा ती झोप त्याच्यावर लादणारा मालकही "ठाऊक होतं" मध्ये यायला हवा. तो कधी येत नाही.

पेपरात येतात ते खटले मूठभर. बाकीचे असे संपतात : गाडी अनोळखी, चालक अनोळखी, तपास काही महिने, मग "अ" समरी. म्हणजे गुन्हा खरा, गुन्हेगार सापडला नाही, फाईल बंद. १ एप्रिल २०२२ पासून अशा मरणाला सरकारी भरपाई दोन लाख आहे. आधी पंचवीस हजार होती. ती गाडी सापडली नसली तरी मिळते, आणि कितीतरी घरांना ती मागायची असते हेच माहीत नसतं. तेव्हा वस्तीत असं मरण झालं तर घोषणेआधी ठाण्यात जाऊन तीन गोष्टी विचारा : एफआयआरमध्ये कलम कुठलं लिहिलं, चालकाचं रक्त किती वाजता घेतलं, आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण ताब्यात घेतलं का. ते चित्रण दुकानदाराकडं फार दिवस टिकत नाही. त्याच्यावर नवं चढतं.