उरलेला प्रसाद आणि आपलं कर्तव्य

दत्तजयंतीच्या रात्री महाप्रसाद आटोपला की प्रत्येक मंदिराच्या मुदपाकखान्यात एक प्रश्न हमखास उभा राहतो. पातेल्यात उरलेला भात आणि आमटी यांचं काय करायचं? अन्न टाकणं पाप, त्यात हा तर प्रसाद. मग झाकण लावायचं आणि सकाळी गरजूंना वाटायचं. इतकी वर्षं मीही हेच पुण्य समजत होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या पौर्णिमेला रात्री साडेदहाला पंगती संपल्या. एक मोठं पातेलं भात आणि पाऊण पातेलं आमटी उरली. मी म्हटलं, "काकू, आता एवढ्याचं काय करायचं?" काकू म्हणाल्या, "अहो, मार्गशीर्षातली थंडी आहे. काही होत नाही. झाकून ठेवा." मी स्वतःच झाकण लावलं, वर ओलं फडकं टाकलं. सकाळी आठला त्याच भाताला फोडणी दिली, आमटी चुलीवर चढवली, कडेला बुडबुडे आले तशी उतरवली. मांडव सोडायला आलेली माणसं आणि मागच्या बांधकामावरची कुटुंबं साडेआठला जेवली. अकराच्या आत सहा-सात जणांना उलट्या सुरू झाल्या. रात्री आठ-नऊला आणखी काहींच्या पोटात मुरडा आला, जुलाब लागले. दत्तकृपेने दोन दिवसांत सगळे बरे झाले.

डॉक्टरांनी जेवणाची आणि त्रासाची वेळ विचारली आणि अंदाज बांधला की हे एक दुखणं नसून दोन असावीत. उलट्या भाताच्या, मुरडा आमटीचा. त्यांनी जे समजावलं ते इथे मांडतो.

तांदळावर मातीतून आलेल्या एका जंतूची बीजं असतात. जंतू उकळीने मरतो, पण त्याचं बीज भात शिजला तरी जिवंत राहतं. भात कोमट होऊन तसाच राहिला की बीजं जागी होतात, वाढतात आणि भातात विष तयार करतात. हे विष इतकं चिवट की फोडणी द्या, वाफ आणा, प्रेशर कुकरमध्ये घाला, ते जात नाही. जेवल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या होतात. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या चिनी उपाहारगृहांत असंच झालं होतं. तिथे भात रात्री उकडून बाहेरच ठेवत आणि दुसऱ्या दिवशी परतून वाढत. आपला फोडणीचा भात त्याचाच भाऊ.

आमटीतला जंतू वेगळा. त्याचीही बीजं उकळीत टिकतात. त्याला हवा नको असते, आणि खोल पातेल्याच्या तळाशी हवा नसतेच. जंतू आमटीसोबत पोटात गेले की तिथे विष तयार होतं, म्हणून त्रास आठ-बारा तासांनी, कधी चोवीस तासांनीही होतो. आमटी ढवळत ढवळत सगळीकडून खळखळून उकळली असती तर हे जंतू मेले असते. पण कडेला बुडबुडे आले तेव्हा मधली आमटी कोमटच होती. थोडक्यात, आमटीची चूक नीट उकळीने बरीचशी सुधारते, भाताची मुळीच सुधारत नाही.

मी बँकेत आयुष्यभर चक्रवाढ व्याज मोजलं, म्हणून एक हिशेब मला लगेच पटला. ४५ अंशांच्या आसपास हा आमटीतला जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. बारा मिनिटं धरली तर एकाचे तासाभरात ३२, दोन तासांत १,०२४ आणि चार तासांत दहा लाखांवर. बाहेर थंडी असली तरी झाकलेलं मोठं पातेलं म्हणजे रजई पांघरलेला माणूस. त्याचं पोट पहाटेपर्यंत कोमट राहतं. आणि भात-आमटीला वास येत नाही, चव बदलत नाही. मी स्वतः चाखून "छान आहे" म्हटलं होतं!

मग करायचं काय? अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम हवं, नाही तर ५ अंशांच्या खाली थंड. मधली जागा धोक्याची. पंगती चालू असताना आमटी मंद आचेवर ठेवावी. भात करपतो, म्हणून त्याचं पातेलं कढत पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावं. अंदाज नको, काडीचा थर्मामीटर घ्यावा आणि भांड्याच्या मध्यभागी खुपसून बघावा.

उरलेलं ठेवायचंच असेल तर पंगत उठल्या उठल्या कामाला लागावं. भात परातींत दोन बोटं जाडीचा पसरावा, वर पातळ फडकं, बाजूला पंखा. आमटी लहान, उथळ भांड्यांत ओतून ती भांडी बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात ठेवावीत आणि ढवळत राहावं. दोन तासांत २१ अंश आणि पुढच्या चार तासांत ५ अंश गाठले पाहिजेत. नंतर फ्रिज. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून मध्यभागापर्यंत ७५ अंश तापवावं आणि एकदाच तापवावं. ताज्या भातात शिळा मिसळू नये.

आता खरी अडचण. आमच्या मंदिरात घरगुती फ्रिज आहे. त्यात चाळीस लिटर आमटी मावत नाही, आणि गरम कोंबली तर आतलं दूधही नासतं. म्हणून आम्ही आता भात दोन खेपांत करतो. पहिलं पातेलं अर्धं रिकामं झालं की पंगती मोजायच्या आणि मगच दुसऱ्याचे तांदूळ धुवायचे. कोरडा तांदूळ आणि डाळ महिनोन्महिने टिकते, द्यायची तर शिधा म्हणून देता येते. रात्री उरलंच तर गरम असतानाच डबे भरून जवळच्यांना द्यायचं आणि "आत्ताच जेवा, सकाळला ठेवू नका" हे सांगायचं.

तरीही रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न समोर आलं तर? मी आता ते टाकतो. गाईपुढेही ढीग ओतत नाही, कारण एकदम खूप भात खाल्ल्याने जनावराचं पोट बिघडतं. परसातल्या खड्ड्यात मातीआड करतो. काकूंनी विचारलं, "पाप नाही का हो लागणार?" मी म्हटलं, "लागेल. पण ते टाकल्याचं नाही, रात्री आळस केल्याचं." त्या सकाळी आपल्या घरातलं कोणीही तो भात जेवायला बसलं नव्हतं. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांनाच आपण वाढला. दान म्हणजे आपल्या पानात घेऊ तेच दुसऱ्याच्या पानात वाढणं. ज्याची आपल्याला खात्री नाही ते देणं म्हणजे पापाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाकणं.

भागवतातल्या अवधूताने मधमाशीला गुरू केलं. तिच्याकडून तो शिकला की भिक्षेचं अन्न संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये. आपण ती शिकवण संन्याशासाठी म्हणून बाजूला ठेवतो. चाळीस लिटरच्या पातेल्यापुरती ती गृहस्थालाही लागू आहे. यंदा पंगत उठली की झाकणाला हात लावण्याआधी घड्याळाकडे बघा.