जपून घसरा

दुसऱ्याची चूक सुधारल्याशिवाय मराठी माणसाला अन्न गोड लागत नाही. लग्नपत्रिका हाती आली की आपण आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मुहूर्त मागाहून. या स्वभावावर पोट भरायची सोय पूर्वी फक्त मास्तरकीत होती. आता माझ्याही धंद्यात आहे. चिनी मजकुराचं भाषांतर यंत्र करतं आणि त्या यंत्राचे कान मी पिळतो. तेही नागोठण्यात, अंबेच्या काठी बसून. हसू नका. आमच्याकडे प्लॅस्टिकचे दाणे होतात. दाण्यांच्या बादल्या करणारी मशिनं चीनमधल्या निंगबोहून येतात. मशिनबरोबर चाळीस पानांचं पुस्तक येतं, आणि ते रोह्याच्या नाहीतर पेणच्या एखाद्या ऑपरेटरला मराठीत हवं असतं. तेही परवा.

परवा म्हटल्यावर सगळ्याच चुका काढता येत नाहीत. म्हणजे काही जाणूनबुजून सोडायच्या. कुठल्या सोडायच्या हा वरवर धंद्याचा प्रश्न. पण रात्री अंथरुणावर पडलं की तो नीतीचा होतो.

चीनमध्ये ओल्या फरशीपाशी 'श्याओशिन दी ह्वा' अशी पाटी असते. अर्थ सरळ आहे: सांभाळा, जमीन निसरडी आहे. पण 'दी' म्हणजे जमीन हे जे अक्षर, तेच 'द' असं वाचलं की नुसता प्रत्यय होतो आणि पाटी सांगते, 'जपून घसरा'. ही चूक जगभर हशा पिकवते. पण ती वाचून मुद्दाम कोणी घसरल्याचं मी ऐकलेलं नाही. चूक स्वतःच ओरडून सांगते की मी चूक आहे, आणि वाचणारा मनातल्या मनात ती सुधारून घेतो.

पूर्वीचं यंत्र असंच बोबडं बोलायचं. 2016 साली गूगलने भाषांतराची नवी पद्धत आणली, ती पहिल्यांदा लावली चिनीवरून इंग्रजीलाच. तेव्हापासून यंत्राची जीभ सुटली. आता ते चुकतं तेही सुरेख बोलून. परवाच्या पुस्तकात एक वाक्य होतं: 'तज्ज्ञ व्यक्तींनी इलेक्ट्रिक पॅनेल उघडू नये.' किती स्वच्छ मराठी! आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी हौसेने पान तपासलं, आधीच्या वाक्यातली एक वेलांटी दीर्घ केली आणि या वाक्याला मान डोलावली. मूळ चिनीत आरंभी 'फेइ' हे एकच अक्षर आहे. फेइ म्हणजे 'नसलेला'. यंत्राने तेवढंच गिळलं होतं. तज्ज्ञ नसलेल्यांनी उघडू नये, असं ते होतं.

त्याच पानावर, हे काम 'दोनच्या वर' माणसांनी करावं असंही आलं होतं. मुळातला शब्द 'यीशांग', शब्दशः 'वर'च. पण चिनी 'वर'मध्ये तो आकडाही धरतात. 2021 पासून लागू असलेल्या त्यांच्या नागरी संहितेतही तसं लिहून ठेवलं आहे. म्हणजे दोघं पुरतात. मालकाने बिचाऱ्याने तिसरा माणूस शोधला असता.

म्हणून मी मराठी आधी वाचतच नाही. गोड भाषेने कान भुलतात. पहिल्या फेरीत फक्त चिनी पानावरचे आकडे आणि नकार बोटाने मोजतो आणि तितके मराठीत उतरलेत का ते बघतो. 'वान' दिसला की जास्तच जपतो, कारण वान म्हणजे दहा हजार. तीस वान म्हणजे तीन लाख, आणि शून्यं गळायला ही जागा फार सोयीची. दुसरी फेरी शब्दांची. साचा दाबून धरण्याच्या एकाच क्रियेला यंत्र चौथ्या पानावर 'कुलूप लावा' म्हणतं, नवव्यावर 'आवळा' आणि पंधराव्यावर 'पकडा'. ऑपरेटरला वाटणार, तीन वेगळी कामं आहेत. मी 'क्लॅम्प करा' असं एकदाच वहीत लिहितो, कारण कारखान्यात तेच म्हणतात, आणि पुस्तकभर तेच ठेवतो. वहीत लिहिलेल्याचा पुन्हा विचार करायचा नाही. अर्धा वेळ तिथेच वाचतो. उरलेल्या वेळात मराठी मोठ्याने वाचायचं, आणि जिथे अर्थासाठी अडखळलो तिथेच हात लावायचा. नुसतं कानाला खुपलं तर नाही.

हेडमास्तरांना हे मुळीच पटत नाही.

"अहो, 'सदर यंत्राच्या वापराच्या वेळेच्या दरम्यान' हे तुम्ही तसंच छापायला देणार? लाज वाटत नाही?"

"वाटते, सर. पण त्याचा अर्थ कळतो ना?"

"कळतो म्हणून काय झालं! उद्या लोक म्हणतील, नागोठण्याच्या माणसाला मराठी येत नाही."

म्हणतील खरंच. लाज जाईल ती माझी. पॅनेलमध्ये हात घालणारा माणूस मात्र दुसराच आहे, आणि त्याच्यापुढे चिनी पान नसतं. एवढं कळूनही त्या 'दरम्यान'वर माझं पेन दोनदा गेलं. घड्याळात साडेअकरा झाले होते, आणि तेविसाव्या पानावरचा दाब किलोत आहे की बारमध्ये, ते बघायचं राहिलं होतं. 'दरम्यान' तसंच ठेवून मी पान उलटलं.