सांत्वनाच्या कार्डावरचे क्रियापद

सांत्वनाच्या कार्डासाठी अवतरण शोधणारा माणूस बहुधा त्यातला विचार पाहतो. मृत्यूविषयी काही गंभीर, सुंदर म्हटलेले असले की शोध संपतो. खरे तर पाहायला हवे ते क्रियापद. हे वाक्य वाचणाऱ्याला काय करायला सांगते? सावर, खंबीर हो, हसत राहा असे काही सांगत असेल, तर ते कितीही मृदू असले तरी एक काम सोपवते. आणि ज्याच्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे, त्याच्यामागे मृत्यूच्या दाखल्यापासून दहाव्याच्या तयारीपर्यंत कामे आधीच लागलेली असतात. त्यात ‘लवकर बरे वाटून घेणे’ हे आणखी एक.

इंग्रजी शोककार्डांवर आणि अंत्यविधींत वर्षानुवर्षे वापरला जाणारा हेन्री स्कॉट हॉलंड यांचा उतारा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात गेलेली व्यक्तीच बोलते: मी दूर गेलेलो नाही, आपले नाते होते तसेच आहे, तेव्हा माझे नाव पूर्वीसारखे सहज घेत जा, आपण हसायचो तसे हसत राहा, अशा आशयाचे. अनेकांना त्याने धीर दिला आहे आणि अनेकांना तो असह्यही झाला आहे. या दुसऱ्या प्रतिक्रियेचे कारण मूळ मजकुरातच सापडते. सातवे एडवर्ड वारल्यानंतर मे 1910 मध्ये हॉलंड यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये दिलेल्या प्रवचनातला हा भाग आहे. त्या प्रवचनात याच्या आधी मृत्यूचे अगदी उलटे चित्र येते: दबा धरून बसलेला, क्रूर, कशाचाच अर्थ शिल्लक न ठेवणारा. माणूस या दोन्ही मनःस्थितींत असतो आणि त्यांचा मेळ कसा घालायचा, हा हॉलंड यांचा प्रश्न होता. कार्डावर आला तो अर्धाच भाग, आणि त्यातही आज्ञार्थी क्रियापदांचा. पहिला भाग गळल्यामुळे प्रश्न विचारणारे प्रवचन शोक करणाऱ्याला उत्तर बजावणारे झाले.

आपल्याकडे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या सत्ताविसाव्या श्लोकाचे असेच होते. मरणाची अटळता सांगणारा हा श्लोक श्रद्धांजलीच्या जाहिरातींत नेहमी दिसतो. पण तो ज्याला सांगितला, त्या अर्जुनाने रणांगणावर अजून कोणाला गमावलेले नव्हते. त्याला उभे करायचे होते, लढायला लावायचे होते, आणि त्यासाठी तो युक्तिवाद चोख आहे. तोच अंत्यसंस्कारानंतर तिसऱ्या दिवशी हातात पडला तर ‘आता ऊठ’ एवढेच ऐकू येते. यावर कोणी म्हणेल, श्रद्धाळू घराला याच श्लोकाचा आधार वाटतो. वाटतो, यात शंका नाही. घरचे माणूस स्वतः तो म्हणते तेव्हा तो त्याचा आधार असतो. बाहेरच्याने पाठवला की उपदेश होतो. शिवाय श्रद्धेला धरून राहायचे तर दुसरी वाटही आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीप्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांचाही धीर सुटतो. ज्यांनी ज्ञान दिले, तेच गुरू आणि थोरले बंधू इथे कासावीस आहेत. वारकरी घरासाठी त्यातल्या दोन ओळी निवडल्या तर कोणाला काही करायला न सांगता रडण्याला जागा मिळते.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: पुढे बरे वाटेल, हे सांगूच नये का? निराशेच्या ओळी पाठवून दुःख वाढत नाही का? अब्राहम लिंकन यांनी डिसेंबर 1862 मध्ये फॅनी मॅककलो या तरुणीला लिहिलेले पत्र याबाबतीत उपयोगी आहे. तिचे वडील, लिंकन यांचे जुने परिचित, यादवी युद्धात मारले गेले होते. लिंकन तिला सांगतात की ती पुन्हा सुखी होईल. म्हणजे भविष्यकाळ आहे, पण आज्ञार्थ नाही. काळाखेरीज पूर्ण उतार नाही हे ते कबूल करतात, हे तुला आज पटणार नाही असेही म्हणतात, आणि आपण हे अनुभवाने सांगतो आहोत हे जोडतात. लिंकन नऊ वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती. त्या कबुलीमुळे आशा सांगूनही पत्र घाई करत नाही. मात्र पत्रातले आशेचे एकच वाक्य कापून कार्डावर घातले, तर त्याचेही हॉलंड होईल.

म्हणून आवडलेले वाक्य मूळ जागी जाऊन, आधीची दोन वाक्ये धरून वाचावे. ती कापल्यावर अर्थ फिरत असेल तर ते सोडून द्यावे. शंका राहिली तर अवतरणच नको, कारण कार्डाला त्याची सक्ती नसते. तिथे गेलेल्या माणसाचे नाव आणि त्याची एखादी सवय चालते: नाना सगळ्यांना पारापर्यंत सोडायला यायचे, एवढेही. खाली पाठवणाऱ्याचे नाव, आणि उत्तराची अपेक्षा नाही असे एक वाक्य.