पेलाभर रक्त

राळेगणसिद्धीचे एक शेतकरी नगरला पहिल्या डायलिसिसला आले. मानेत नळी घातलेली, शेजारी यंत्र. "पोरी, सगळं रक्त काढणार का गं?"

"नाही बाबा. एका वेळी पेलाभरच बाहेर असतं. गाळून लगेच परत आत." तंत्रज्ञ मुलीने पंप मिनिटाला दोनशे मिलिलिटरच्या आतच ठेवला. पहिली पाळी दोनच तासांची. युरिया झपाट्याने उतरला तर मेंदूला सूज येऊ शकते.

तेवढ्यात यंत्र कोकललं. बाबा दचकले. भीती असते ती या आवाजाचीच! त्यांनी मान वळवल्याने नळी दुमडली होती, पंप आपोआप थांबला होता. तिने मान सरळ केली, नळी मोकळी केली.

"ते ओरडतं म्हणजे राखण करतंय. डोकं दुखलं, पायात पेटके आले, तर मात्र तुम्ही ओरडायचं."

"म्हणजे वस्तीवरच्या कुत्र्यागत," म्हणत बाबा कांद्याच्या भावाकडे वळले.