शक्यता नाकारता येत नाही

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. कांद्याचे ट्रक इथून जाताना दिसतात, तेव्हा प्रत्येक गाडीमागचा अंदाज मनात येतो: माल आज विकायचा की चाळीत ठेवायचा? अंदाजातला भाव सगळेच बारकाईने वाचतात. त्या भावाशेजारी बसलेला ‘शक्यता’ हा शब्द मात्र कुणी तपासत नाही, आणि मला खरी जोखीम तिथेच दिसते.

समजा, मे महिन्यात एका व्यापाऱ्याकडे १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. १,२०० रुपये भावाने आज १,२०,००० रुपये हातात येतात. चाळीत ठेवला तर ऑक्टोबरपर्यंत सड, कोंब आणि वजनातली घट मिळून ३५ क्विंटल जातील असे धरू. उरलेल्या ६५ क्विंटलना ३,००० भाव मिळाला तर १,९५,००० होतात; भाव हललाच नाही तर ७८,०००. म्हणजे ७५,००० जास्त मिळावेत म्हणून ४२,००० पणाला लागले. मजुरी आणि व्याज बाजूला ठेवले तरी भाव चढण्याचा संभव शंभरात ३६ पेक्षा जास्त असेल, तरच थांबण्यात अर्थ आहे.

आता अंदाजात लिहिलेले असते, ‘भाव वाढण्याची शक्यता आहे.’ याचा अर्थ शंभरात २० की ७०? २० असेल तर माल आजच विकावा, ७० असेल तर ठेवावा. १९५१ साली अमेरिकी गुप्तचर विश्लेषक शर्मन केंट यांच्या गटाने युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ वर्तवली होती. पुढे त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, तर त्या एका शब्दाचे अर्थ २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. अहवालातले शब्द मात्र सगळ्यांनी मान्य केले होते.

सर्वांत निरुपयोगी मला ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य वाटते. निर्यातबंदीबद्दल ते लिहिले की, बंदी आली तर ‘आम्ही सांगितले होते’, नाही आली तर ‘फक्त शक्यता म्हटले होते’. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात खरोखर बंद झाली. आदल्या महिन्यात कुणी असे वाक्य लिहिले असेल, तर ते बरोबर ठरले असे म्हणणे मला मान्य नाही, कारण त्यावरून कुणाला गोणीभरही कांदा आधी विकता आला नसता.

‘दहांत चार’ असे लिहिले की निदान मोजता येते. असे दहांत चारचे अंदाज वर्षानुवर्षे वहीत मांडले आणि त्यांतले दर दहांमागे सातआठ खरे निघत गेले, तर लिहिणारा भित्रा आहे हे कळते. एखादाच खरा ठरत गेला, तर तो उतावळा. बंदीसारख्या सरकारी निर्णयाला मात्र पावसासारखी जुनी, लांबलचक नोंद नाही. तिथला आकडा माणसाच्या अटकळीचाच असतो. म्हणून आकड्याखाली कारणही लिहावे: किरकोळ भाव कुठे पोचला आहे, निवडणूक किती जवळ आहे, खरिपाचा कांदा कधी बाजारात येणार आहे. कारण बदलले की त्याच दिवशी आकडा खोडून नवा लिहिता येतो.